आधीच्या मेलमध्ये कळवल्याप्रमाणे

शिरूरच्या बाहेर पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात काम करते. शाळा मांडवगण फराट्याला झाली, मराठी माध्यमात. पुढचं शिक्षणही तसं मराठीतूनच, पुस्तकं तेवढी इंग्रजी. त्यामुळे नोकरीला लागले तेव्हा मला इंग्रजी वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. लिहायला मी शिकले ते मेल वाचून. शाळेत पत्रलेखनाला जसं 'स. न. वि. वि.' घोकून घेतात, तसं मी 'प्लीज फाइंड अटॅच्ड', 'काइंडली डू द नीडफुल', 'जेंटल रिमाइंडर' घोकलं. कुठल्या वाक्यानंतर कुठलं येतं, हे एकदा हाताला बसलं की डोक्याला फारसं काम उरत नाही.

'अ‍ॅज पर माय लास्ट ईमेल' हे वाक्य मला पहिल्यांदा आलं, तेव्हा तेही असंच एक सभ्य वाक्य आहे असं मला वाटलं.

ते आलं होतं पुण्याच्या हेड ऑफिसमधल्या एका मॅडमकडून. डिझाइनमधले बदल त्यांच्याकडून आमच्याकडे यायचे. त्यांना मी कधी पाहिलेलं नव्हतं, आवाजही ऐकलेला नव्हता. एका नमुन्याला मंजुरी कधी मिळेल, एवढं मी विचारलं होतं. उत्तर एका ओळीचं आलं, आधीच्या मेलमध्ये कळवल्याप्रमाणे. मी लगेच त्यांची आधीची मेल उघडली. खरंच, मोठ्या तक्त्याच्या खाली, चौथ्या परिच्छेदात, तारीख लिहिलेली होती. मला बरं वाटलं. मी 'थँक यू मॅडम' असं उत्तर पाठवलं.

शेजारच्या टेबलावर आमच्या विभागातले एक जुने सहकारी बसत. त्यांनी ते माझ्या पडद्यावर वाचलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"थँक यू कशाबद्दल?"

"त्यांनी सांगितलं ना कुठं बघायचं ते."

"अहो, तुम्हाला झापलंय त्यांनी. वर सीसीत कोण आहे बघा."

सीसीमध्ये आमचे साहेब होते. मी विचारलेल्या मेलमध्ये ते नव्हते. उत्तर देताना मॅडमनी त्यांना आत घेतलं होतं.

मग त्या सहकाऱ्यांनी मला ते वाक्य समजावून सांगितलं. कागदावर त्याचा अर्थ एवढाच, की हे मी आधी लिहिलं आहे. पण वाचणाऱ्याच्या कानाला ते वेगळं ऐकू येतं. मी सांगितलं होतं, तू वाचलं नाहीस, आणि तू वाचलं नाहीस हे आता तुझ्या साहेबांनाही कळू दे. गंमत अशी की त्यात रागाचा एक शब्द नाही. त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. तुम्ही रागावून उत्तर दिलंत तर रागीट तुम्ही ठरता. गप्प बसलात तर चूक कबूल केल्यासारखं होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, ते वाक्य आलं की पुन्हा काही विचारायची सोय राहत नाही.

माझं ते 'थँक यू मॅडम' साहेबांनाही गेलं होतं.

पुढे त्या मॅडमकडून हे वाक्य मला इतक्या वेळा आलं की त्यांचं नाव पडद्यावर दिसताच मी आधी सीसीत कोण आहे ते बघायची. कधी चूक माझी असायची, मी घाईत वाचलेलं असायचं. पण कधी त्यांची आधीची मेल दोनदा वाचूनही उत्तर मिळायचं नाही, कारण मी विचारलेलं आणि त्यांनी लिहिलेलं यांत बारीकसा फरक असायचा. तो फरक पुन्हा कोण सांगणार? मग मी अंदाजाने काम करायची. बहुतेक वेळा अंदाज बरोबर यायचा.

हळूहळू मीही ते वाक्य वापरायला लागले. पहिल्यांदा वापरलं ते आमच्याच स्टोअरला. त्यांना दोनदा लिहूनही ते तोच प्रश्न विचारत होते. मी ती ओळ लिहिली, साहेबांना सीसीत टाकलं आणि पाठवून दिली. दहा मिनिटांत काम झालं. खोटं कशाला बोलू, मला फार छान वाटलं. मांडवगणची मुलगी इंग्रजीत एक ओळ लिहिते आणि समोरचा पळत सुटतो, हे सुख मी आधी घेतलेलं नव्हतं.

आमच्या पंपांसाठी पुठ्ठ्याचे बॉक्स यवतहून यायचे. यवतच्या बाजारपेठेपासून जरा आत, पत्र्याच्या शेडमध्ये एका गृहस्थांचा छोटा कारखाना होता. चार-पाच माणसं, एक कापायचं मशीन, एक शिलाईचं. ते पंचावन्न-छप्पन्न वर्षांचे. घराणं कित्येक पिढ्या यवतचंच, मुसलमान. आधी ते दुसऱ्या एका कंपनीत फिटर होते, मग स्वतःचं सुरू केलं. बाजारपेठेत सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीही मामाच म्हणायचो. फोनवर ते मोकळं बोलत. मेलमध्ये मात्र 'रिस्पेक्टेड मॅडम'च्या पुढे त्यांची गाडी अडखळत चालायची.

आमच्या एका पंपाच्या डोक्यावरची जोडणी बदलली आणि त्याची उंची वाढली. म्हणजे बॉक्सही उंच हवा. आधी आतली उंची एकशे ऐंशी मिलिमीटर होती, आता दोनशे दहा हवी होती. पुण्याहून नवं ड्रॉइंग आलं. सोमवारी मी मामांना मेल लिहिली. बॉक्सची उंची बदलली आहे, सुधारित ड्रॉइंग सोबत जोडलं आहे, पुढचे चारशे बॉक्स त्याप्रमाणे करावेत. आकडा मी मेलमध्ये लिहिला नाही. ड्रॉइंगमध्ये आहेच की, असं मनात होतं.

बुधवारी आमच्याकडे ऑडिट होतं. बाहेरची माणसं फायली उलथ्यापालथ्या करत होती. त्यातच सकाळी पुण्याच्या मॅडमची मेल आली. एका वेगळ्याच सुट्या भागाबद्दल मी काहीतरी विचारलं होतं आणि त्यावर नेहमीची ओळ आली होती, आमचे साहेब आणि त्यांचे साहेब असे दोघेही सीसीत. ऑडिटच्या खोलीत बसून मी ती मोबाइलवर वाचली. कान तापले. त्याच्या खालीच मामांची मेल होती. तीन तुटक वाक्यं. ड्रॉइंग बघितलं. आधीसारखंच आहे. उंची किती ठेवायची, कृपया कळवा.

माझी नजर शेवटच्या वाक्यावर गेली. उंची किती ठेवायची. म्हणजे यांनी ड्रॉइंग उघडलेलंच नाही, असं मी धरून चालले. वरची दोन वाक्यं मी वाचली नाहीत, असं नाही. डोळ्यांखालून गेली. पण मी तेव्हा चिडलेली होते, आणि चिडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मेलमध्ये फक्त प्रश्नच दिसतो. मी अंगठ्याने टाइप केलं, 'अ‍ॅज पर माय लास्ट ईमेल'. साहेबांना आणि स्टोअरला सीसीत टाकलं. पाठवल्यावर जरा हलकं वाटलं. सकाळी जे मला मिळालं होतं, ते मी पुढे सरकवलं होतं, इतकंच.

दुपारी मामांचा फोन येऊन गेलेला दिसला. ऑडिटमुळे फोनचा आवाज बंद होता. मी उलट फोन केला नाही. उत्तर दिलंय की, आता काय.

आठवड्याभराने बॉक्स आले. गुरुवारी सकाळी पॅकिंग सुरू झालं आणि पहिल्याच बॉक्सची झाकणं बसेनात. पंपाची जोडणी वर डोकं काढून बसली होती. स्टोअरवाल्याने टेप लावून मोजलं, आत एकशे ऐंशी. चारशेच्या चारशे बॉक्स जुन्या मापाचे. माल परदेशी जाणार होता, बंदरावर जायची गाडी गेटवर उभी होती. ती रिकामी परत पाठवावी लागली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या पडद्यावर सगळी मेलची साखळी उघडलेली होती. खालून वर वाचत ते माझ्या ओळीपाशी थांबले.

"तुम्ही तर स्पष्ट कळवलंय. त्यांनी विचारल्यावर परत आठवणसुद्धा करून दिलीय. ही सरळ त्यांची चूक आहे."

"हो सर."

"उद्या गाडी घेऊन यवतला जा. चूक झाली असं त्यांच्याकडून लेखी घ्या. ग्राहकाला कारण द्यावं लागेल. आणि दुसरा बॉक्सवाला बघायला लागा."

मी साखळीची प्रिंट काढली आणि फाईलला लावली. साखळीत प्रत्येकाचं बोलणं असतं, पण जोडलेल्या फायली त्यात छापल्या जात नाहीत. कागदावर फक्त एवढंच दिसत होतं, मी कळवलं, त्यांनी विचारलं, मी पुन्हा सांगितलं, त्यांनी चुकीचं केलं. वाचणाऱ्या कुणालाही शंका आली नसती. मलाही नव्हती.

शुक्रवारी न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या रस्त्याला लागलो. उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत, पारगावचा पूल ओलांडून यवतला पोहोचेस्तोवर दीड वाजला. मामा नमाजला गेले होते. त्यांच्या पत्नीने शेडच्या कोपऱ्यातल्या टेबलाजवळ मला बसवलं आणि चहा आणून दिला. टेबलावर जुना कॉम्प्युटर, बाजूला प्रिंटर आणि आमच्या कंपनीचं नाव लिहिलेली एक जाड फाईल. मी कसं बोलायचं ते मनात जुळवत होते. माणूस वयाने मोठा, त्यांच्याकडून 'माझी चूक' असं लिहून घ्यायचं, हे मला जड जात होतं. पण त्यांचंच चुकलंय, असं मी स्वतःला सांगत होते.

मामा आले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी खिशात घातली आणि समोर बसले.

"ताई, बॉक्स बसंना म्हणं."

"नाही बसत मामा. तुम्ही जुन्या मापाने केले."

"व्हय. जुन्याच मापानं केलं."

त्यांनी ते इतक्या सहज कबूल केलं की मी गोंधळले. "पण नवीन ड्रॉइंग पाठवलं होतं ना मी."

त्यांनी फाईल उघडली. माझी प्रत्येक मेल त्यांनी छापून लावलेली होती, तारखेप्रमाणे. इंग्रजी शब्दांखाली पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले होते. माझ्या सोमवारच्या मेलमागे ड्रॉइंग होतं. त्यांनी ते माझ्याकडे फिरवलं. खालच्या कोपऱ्यात सुधारणेचा क्रमांक असतो, तिथे एक होता. नव्या ड्रॉइंगवर दोन असायला हवा होता. उंचीच्या जागी एकशे ऐंशी.

"मामा, हे जुनं आहे. तुमच्याकडून चुकून जुनं लागलं फाईलला."

"न्हाई ताई. तुमच्या मेलमधलंच हाय. बघा तुम्ही."

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. मी सोमवारची मेल उघडली. माझं नाव, माझी वेळ, माझं वाक्य, 'सुधारित ड्रॉइंग सोबत जोडलं आहे'. खाली जोडलेली फाईल. मी तिच्यावर क्लिक केलं. ड्रॉइंग उघडायला जरा वेळ लागला. उघडलं ते एक क्रमांकाचं.

दोन्ही फायली माझ्या एकाच फोल्डरमध्ये होत्या. नावं सारखी, फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. मी वरची उचलली होती.

मी किती वेळ त्या पडद्याकडे बघत होते कोण जाणे. शेडमध्ये शिलाईचं मशीन खटखट चालू होतं. शेवटी मीच म्हणाले, "तुम्ही लिहिलं होतं, आधीसारखंच आहे म्हणून."

"लिहिलं व्हतं."

"मग मी उत्तर दिल्यावर परत का नाही विचारलंत?"

त्यांनी पान उलटलं. माझी ती एक ओळ वेगळ्या कागदावर छापलेली होती. एवढ्या मोठ्या कोऱ्या पानावर एकच ओळ. तिच्याखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मागच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे'.

"आमच्या इथं एक गुरुजी हायेत, इंग्लिश शिकवत्यात. त्यांना इचारलं ह्याचा अर्थ काय. ते म्हणले, आधी सांगितलंय तेच करा असा अर्थ हाय. मग मी मागची मेल परत उघडली. तीनदा वाचली. ड्रॉइंग तेच. म्हणलं, मॅडम म्हणत्यात तर तेच करायचं असंल. उंची बदलली ती दुसऱ्या कुठल्या बॉक्सची असंल, आपल्याला काय ठावं."

"फोन करायचा होता."

"केला व्हता की."

मला तो आलेला फोन आठवला. मी मान खाली घातली.

"परत करनार व्हतो," ते म्हणाले. "पर त्यात साहेबाचं नाव व्हतं. मला वाटलं, मॅडम चिडल्या. दोनदा इचारलं तर म्हणतील, ह्यांना वाचताच येत न्हाई, काढा ह्यांना. वाचता येतं ताई मला. सावकाश येतं, पर येतं."

ते रागाने बोलत नव्हते. पंपाला कुठला स्क्रू बसतो ते सांगावं, तसं सांगत होते. मला त्याचंच जास्त लागलं.

"मी चिडले होते मामा," मी म्हणाले. "पण तुमच्यावर नाही."

"मंग कुनावर?"

पुण्याच्या एका बाईंवर, ज्यांना मी पाहिलेलंही नाही, हे त्यांना काय सांगणार?

माझ्या फाईलमध्ये ते लेखी पत्र टाइप केलेलं तयार होतं, खाली सहीची जागा सोडलेली. त्यांचं लक्ष त्याकडे गेलं. "सही कुठं करायची?" त्यांनी विचारलं. त्यांनी खरंच केली असती. मी तो कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, "नको. राहू द्या."

परतीच्या रस्त्यावर मी हिशेब करत होते की हे कुणाला कळू शकतं. साहेब जोडलेली फाईल उघडून बघणार नाहीत, साखळी वाचूनच त्यांचं समाधान झालं होतं. मामा स्वतःहून वर जाणार नाहीत. म्हणजे मी गप्प बसले असते तर ते तसंच राहिलं असतं. यवतचा बॉक्सवाला ड्रॉइंग वाचत नाही, एवढी एक ओळ कुठल्यातरी तक्त्यात कायमची बसली असती आणि माझ्या नावावर 'वेळेत कळवलं, आठवणही करून दिली' असं उजळ राहिलं असतं. त्या एका ओळीने माझी इतकी सोय करून ठेवली होती. मला त्याची भीती वाटली. आणि थोडा मोहही झाला, तेही लिहायला हवं.

शनिवारी सकाळी मी मेल लिहायला बसले. त्याच साखळीत, त्याच सगळ्यांना. पहिला मसुदा असा होता, 'असं निदर्शनास आलं आहे की सोमवारच्या मेलसोबत चुकून जुनं ड्रॉइंग जोडलं गेलं'. तो वाचला आणि खोडला. जोडलं गेलं. जणू ते आपलं आपण चालत जाऊन जोडलं गेलं. दुसऱ्या मसुद्यात मी लिहिलं की दोन्ही पक्षांत गैरसमज झाला. तोही खोडला. गैरसमज मामांचा झाला नव्हता. त्यांनी नेमका प्रश्न विचारला होता.

शेवटी लिहिलं ते चार वाक्यांत बसलं. मी जुनं ड्रॉइंग पाठवलं. पुरवठादाराने ते आधीसारखंच असल्याचं कळवून उंची विचारली. मी त्यांचा प्रश्न नीट न वाचता आधीची मेल बघा असं उत्तर दिलं. बॉक्स मी पाठवलेल्या ड्रॉइंगप्रमाणेच झाले आहेत. सोबत दोन क्रमांकाचं ड्रॉइंग जोडलं, पाठवण्याआधी ते उघडून पाहिलं आणि दोनशे दहा हा आकडा मेलमध्येही लिहिला.

मेल वाचल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"हे मला तोंडी सांगायचं ना. मेलवर कशाला टाकलंत? आपण काहीतरी बघितलं असतं."

"सर, माझी आधीची ओळ मेलवर होती."

"म्हणून काय झालं?"

"तीच वाचून सगळ्यांनी त्यांना दोषी धरलं. मग हेही तिथंच पाहिजे."

त्यांनी पडद्यावरची ती मेल पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "ग्राहकाला कारण द्यायचा फॉर्म तुम्हीच भरा आता."

त्या फॉर्मवर का, का असं पाच वेळा विचारतात. बॉक्स का बसला नाही, माप जुनं होतं. माप जुनं का, ड्रॉइंग जुनं होतं. जुनं का गेलं, दोन फायलींची नावं सारखी होती. इथपर्यंत सोपं होतं. चूक लक्षात का आली नाही, या चौथ्या प्रश्नाशी मी अडले. कारण ती लक्षात आली होती. ज्यांच्या लक्षात आली त्यांनी लिहूनही कळवली होती. मी तिथे लिहिलं, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता आधीच्या मेलचा हवाला दिला गेला. मग 'दिला गेला' खोडून 'मी दिला' केलं. पाचवी जागा रिकामी ठेवली. मी चिडले होते, असं त्यात लिहायला रकाना नव्हता.

मामांनी दोन दिवसांत नवे बॉक्स करून दिले, रविवारीही मशीन चालू ठेवून. गाडी उशिरा का होईना, गेली. माझ्या त्या वर्षीच्या मूल्यमापनात 'कामात बारकाईचा अभाव' अशी नोंद झाली. ती वाचून वाईट वाटलं, पण ती खोटी नव्हती.

त्या मेलनंतर तिसऱ्या दिवशी मला पुण्याहून फोन आला. आवाज अनोळखी, थोडा थकलेला. त्या हेड ऑफिसमधल्या मॅडम होत्या. आमच्या साहेबांनी ती मेल पुण्याला त्यांच्या साहेबांकडे पाठवली होती, तिथून ती मॅडमपर्यंत गेली होती.

"तुम्ही असं लिहायला नको होतं," त्या म्हणाल्या. "लिहिलेलं कायम राहतं."

"माहीत आहे मॅडम."

मग म्हणाल्या, "ते वाक्य मीही तुम्हाला खूपदा लिहिते."

खोटं 'नाही नाही' म्हणवेना.

"माझ्या पहिल्या नोकरीत मी एक बदल तोंडी सांगितला होता," त्या म्हणाल्या. "माल बिघडला तेव्हा समोरचे म्हणाले, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. नोकरी गेली. तेव्हापासून मी सगळं लिहिते, आणि लिहिलेलं आहे हे दाखवते. माझा तुमच्यावर राग नसतो. मी घाबरून लिहिते."

इतकी वर्षं मी त्या ओळीत एक चिडकी, गर्विष्ठ बाई वाचत होते. मला वाटायचं त्या भुवया उंचावून टाइप करतात. ओळीत आवाज नसतो, म्हणून आपणच त्यात आवाज भरतो, आणि भरताना आपल्याला सगळ्यात जास्त टोचेल तोच निवडतो. मामांनीही तेच केलं होतं. फरक इतकाच, की मामांनी जो भरला तो खरा निघाला.

मी त्यांना विचारलं, "मॅडम, मला एखादी गोष्ट सापडली नाही तर मी फोन करू का?"

"करा," त्या म्हणाल्या. "आणि मी तारीख आणि ओळ लिहीत जाईन. नुसतं आधीची मेल असं नाही."

त्यांनी ते पाळलं, बऱ्यापैकी. 'बारा तारखेच्या मेलमध्ये, तक्त्याखाली, खालीलप्रमाणे' असं लिहून त्या तेच वाक्य पुन्हा चिकटवतात. तसं पाहिलं तर तीही आधीच्याच मेलची आठवण असते. पण उत्तर हातात मिळालं की आठवण टोचत नाही, असा माझा अनुभव आहे. आणि सीसीमध्ये जो आधी नव्हता त्याला मध्येच आणलं नाही, की अर्धं विष उतरतं.

मी पूर्ण सुधारले असं म्हणणार नाही. गेल्याच महिन्यात एका वाहतूकदाराला तीनदा वजन कळवलं, चौथ्यांदा त्याने तेच विचारलं. बोटं आपोआप त्या ओळीकडे गेली. पहिले तीन शब्द टाइपही झाले. मग मी त्याची मेल पुन्हा वाचली, सावकाश, वरपासून. त्याच्या प्रश्नात नवं काहीही नव्हतं. त्याने खरंच वाचलं नव्हतं. मी फोन उचलला आणि त्याला वजन सांगितलं, जरा मोठ्या आवाजात. तो म्हणाला, "मॅडम, चिडताय कशाला, मेल बघतो ना." मी म्हटलं, "चिडलेच आहे. बघा आता." तो हसला आणि पुढची गाडी त्याने वेळेवर लावली.

मामांच्या मेल अजून येतात. ते आता प्रश्न विचारताना आकडे लिहितात, एकशे ऐंशी की दोनशे दहा, आणि मी त्यातला एक आकडा लिहून पाठवते. परवा त्यांनी एका नव्या बॉक्सबद्दल विचारलं आणि शेवटी रोमन अक्षरांत मराठी लिहिलं होतं, 'ताई, समजलं न्हाई, परत सांगा.' मी लंचला निघाले होते. पुन्हा बसले आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.